मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये कारण दिलं होतं तरी एक्स्चेंजची दंडाची नोटीस, आता काय?

कुपवाडचा_कारकून
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत सेक्रेटरियल बघतो, कंपनी लिस्टेड आहे. एक डायरेक्टर गेले, बोर्ड कमी पडलं, आम्ही तिमाही गव्हर्नन्स रिपोर्टमध्ये व्यवस्थित कारण लिहिलं आणि तरी काल दंडाची नोटीस आली. साहेब म्हणतात कम्प्लाय ऑर एक्सप्लेन असतंय, आपण एक्सप्लेन केलंय, उत्तर लिही आणि दंड माफ करून घे. उद्या अकराला टेबलवर हवंय. नियम कुठला दाखवू? लवकर सांगा.

मिरज_जंक्शन
लिस्टेड म्हणजे शेअर लिस्टेड का बाँड? मेन बोर्ड का एसएमई? डायरेक्टर कधी गेले? नोटीस कुठल्या रेग्युलेशनखाली? यातलं काहीच नाही, सांगायचं तरी काय.

कुपवाडचा_कारकून
शेअर, मेन बोर्ड. रेग्युलेशन १७(१). रक्कम ३,०६,८००.

वाळव्याचा_वाघ
अरे मग सोप्पं आहे की. एक्सप्लेन चालतंय. आमच्या आधीच्या कंपनीचे डिबेंचर लिस्टेड होते, आम्ही दोन वर्षं प्रत्येक तिमाहीला कारण लिहून पाठवलं, एक रुपया दंड नाही. तुझ्या साहेबांचं बरोबर आहे, ठोकून उत्तर दे.

सातारा_रोड_सीएस
वाघ, थांबा. तुमचं डिबेंचरवाल्यांपुरतं खरं होतं. ५०० कोटी किंवा त्यावर लिस्टेड कर्ज असलेल्यांना सेबीनं २०२१ पासून गव्हर्नन्सचे नियम पाळा नाहीतर कारण सांगा अशी सवलत दिली होती, ती वाढवत वाढवत ३१ मार्च २०२५ पर्यंत नेली. तिथंही नुसतं कारण चालत नव्हतं, पूर्ण पाळण्यासाठी काय पावलं उचलली तेही लिहायचं होतं. शेअर लिस्टेड असलेल्याला ही सवलत कधीच नव्हती.

कारकून, आकडा बोलतोय बघ. ३,०६,८०० मधून १८ टक्के जीएसटी काढ, २,६०,००० राहतात. १७(१), म्हणजे बोर्ड कसं असावं आणि त्यात एक तरी महिला हवी तो नियम, त्याला दिवसाला ५,०००. म्हणजे बरोबर ५२ दिवस. तुमच्याकडच्या गेलेल्या डायरेक्टर बाई होत्या का? आणि बोर्डावर त्या एकट्याच महिला?

कुपवाडचा_कारकून
हो, बाईच. मला वाटलं ते ओघानं आलंच. १२ जुलैला राजीनामा, नवीन मॅडम ४ डिसेंबरला आल्या. आधी ठरल्या होत्या पण त्यांचा डीआयएन, म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक, केवायसी न भरल्यामुळं बंद पडलेला निघाला, तो चालू करण्यात वेळ गेला.

सातारा_रोड_सीएस
मग हिशोब लागला. जागा भरायला रिकामी झाल्यापासून तीन महिने, म्हणजे १२ ऑक्टोबर. तिथून पुढं ऑक्टोबरचे १९, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३. झाले ५२. नोटीस बिनचूक आहे.

पलूसचा_पाव्हणा
आमच्या पतसंस्थेत पण महिलांच्या दोन जागा असतात, एक ताई राजीनामा देऊन पुण्याला गेल्या तर निबंधक कार्यालयातून कोणी विचारलं पण नाही. उगा घाबरू नका.

मिरज_जंक्शन
पाव्हणं, पतसंस्था सहकार कायद्यात येते ओ, तिचा इथं काय संबंध 😀
कारकून, भरणा झालेलं भांडवल किती? १० कोटींच्या आत असेल तर १७ लागूच नाही, माफीची पण गरज नाही.

कुपवाडचा_कारकून
८ कोटी ४० लाख!! वाचलो म्हणजे?

सातारा_रोड_सीएस
नेट वर्थ?

कुपवाडचा_कारकून
६१ कोटी.

सातारा_रोड_सीएस
मग नाही वाचलास. भांडवल १० कोटींच्या आत *आणि* नेट वर्थ २५ कोटींच्या आत, दोन्ही हवं. जंक्शन अर्धंच सांगतात नेहमी.

आता साहेबांचा घोळ कुठं होतो ते सांगतो, कारण ते एकटे नाहीत. तिमाही रिपोर्टमध्ये हो, नाही, लागू नाही असा रकाना आहे आणि नाही लिहिलं तर तपशील द्यायला जागा आहे. ती जागा बघून वाटतं की कारण लिहिलं की सुटलो. पण ती माहिती द्यायची जागा आहे, सूट मागायची नाही. तू तिथं नाही लिहिलंस तेव्हा एक्स्चेंजच्या दृष्टीनं कबुलीच दिलीस, मीटर त्यावरच चालतं. शेअरवाल्यांसाठी खरं कम्प्लाय ऑर एक्सप्लेनच्या जवळ जाणारं म्हणजे सेबीच्या लिस्टिंग नियमांच्या शेड्यूल दोनचा भाग ई, ज्याला ऐच्छिक म्हणतात, आणि बोर्डावर एक तरी महिला डायरेक्टर हवी ही अट त्यात नाही.

ही कल्पना ब्रिटनची, १९९२ च्या कॅडबरी अहवालापासूनची. तिथं चेअरमन नऊ वर्षांपेक्षा जास्त बसला तर गव्हर्नन्स कोड मोडला म्हणून दंड होत नाही. कंपनीनं पार्श्वभूमी, कारण, परिणाम आणि थोड्या काळापुरतं असेल तर कधी सुधारणार ते लिहायचं. पटलं का ते शेअरहोल्डर मतदानात ठरवतात. तो कोड काढणारी तिथली संस्था एफआरसी ही स्पष्टीकरणं वाचून ढोबळ लिहिलेल्यांवर टीका करते, पण न पाळल्याबद्दल दंड लावायचा अधिकार तिला नाही. पाळलं का नाही हे सांगणारं निवेदनच दिलं नाही तर मात्र लिस्टिंग नियम मोडतो. आपल्याकडं नियमच कायदा आहे, म्हणून स्पष्टीकरणाचं वजन वेगळं.

वाळव्याचा_वाघ
म्हणजे ब्रिटनमध्ये कागद रंगवला की झालं. त्यापेक्षा आपला दंड बरा.

मिरज_जंक्शन
दंड बरा कसा? ३ लाखात ज्याला बाई नको तो कायम बाई न ठेवता बसेल की.

सातारा_रोड_सीएस
नाही बसत. दंड भरला नाही किंवा चूक चालूच राहिली तर प्रमोटरचे शेअर गोठवायची तरतूद आहे. ते ऐकलं की साहेब लोक जागे होतात.

कुपवाडचा_कारकून
साहेब आता म्हणतात कंपनी कायद्यात तीन महिने किंवा पुढची बोर्ड मीटिंग, जे नंतर असेल ते. आमची मीटिंग १० नोव्हेंबरला होती, मग दंड २३ दिवसांचाच?

सातारा_रोड_सीएस
कंपनी कायद्याचा नियम तसाच आहे, साहेबांनी चांगलं शोधलं. पण एलओडीआरमध्ये, म्हणजे सेबीच्या लिस्टिंग नियमांत, "जे नंतर" नाही, सरळ तीन महिने आहेत. दोन्ही पाळायचे, म्हणजे कडक तो लागतो.

मिरज_जंक्शन
मला नाही पटत. मूळ कायदा मुदत देतोय तर एक्स्चेंजनं का काढून घ्यावी? मी तर हा मुद्दा अर्जात घातलाच असता.

सातारा_रोड_सीएस
घाला, पण त्यावर जिंकाल असं नाही. कारकून, रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलं होतंस?

कुपवाडचा_कारकून
"योग्य उमेदवाराच्या शोधात असल्याने पद रिक्त असून लवकरच नियुक्ती करण्यात येईल." साहेबांनीच सांगितलेलं.

सातारा_रोड_सीएस
हे वाक्य कुठल्याही कंपनीचं असू शकतं. माफीच्या अर्जात मुख्य बघतात ते हे, उशीर कंपनीच्या हाताबाहेरचा होता का. नॉमिनेशन कमिटी कधी बसली, किती नावं बघितली, मॅडमचं नाव कुठल्या तारखेला ठरलं, डीआयएन बंद असल्याचं कधी कळलं, केवायसी कधी भरली, सगळं तारखेनिशी घाल. पण खरं सांगतो, डीआयएन नाव ठरवायच्या आधी तपासता येतो, त्यामुळं हाताबाहेरचं म्हणणं अवघड जाईल. नावच जर ऑक्टोबरमध्ये ठरलं असेल तर तारखा तुमच्याच विरोधात बोलतील.

आणि एक विसरू नका, नोटीस पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये ठेवायची आणि बोर्डाचं म्हणणं एक्स्चेंजला कळवायचं, ते सगळ्यांना दिसतं. तिथं पुन्हा "योग्य उमेदवार" लिहू नका. पैसे भरायची मुदत नोटिशीत बघ, बहुतेक १५ दिवस असते.

पलूसचा_पाव्हणा
त्या मॅडम कोण, सांगलीच्याच का? आमच्याकडं पण एक चांगल्या ताई आहेत, बी.कॉम., बचत गटाच्या अध्यक्ष.

कुपवाडचा_कारकून
मिनिट्स काढून बघितलं. कमिटी ९ ऑक्टोबरला बसलेली. त्याआधी एकदाही नाही.

वाळव्याचा_वाघ
मग राहू दे अर्ज, चेक लिही.

कुपवाडचा_कारकून
चेकवर सही साहेबांचीच लागते ओ. सकाळी त्यांना कसं सांगायचं तेवढं सांगा कोणीतरी.