निकालाच्या आदल्या रात्रीचे अनुभव: हॉस्टेल ग्रुप, दुसरा मजला

कोमल, १०:४८
सीए फायनलचा निकाल उद्या. झोप कुणालाच येणार नाही. आधीच्या निकालाची रात्र कशी गेली, ज्यांना जमेल त्यांनी लिहा ना.

शर्वरी, १०:५५
माझा पहिला ग्रुप. ५८, ४१, ४९. तिन्हीत चाळीसच्या वर, म्हणून आधी पास झाले असंच वाटलं. बेरीज केली तर १४८. दीडशे लागतात. साठ एकातही नव्हते, म्हणजे सूट नाही. तिन्ही पेपर पुन्हा. आईला फोनवर दोन मार्कांचं गणित समजावता येईना.

अनघा, १०:५८
बारावीचा चालेल? आजीने रात्रभर देवापुढचा दिवा विझू दिला नाही. माझं फाउंडेशनही उद्याच आहे का?

कोमल, १०:५९
नोटीस बघ गं, इथे फायनलचं चाललंय. पण दिव्याचं छान लिहिलंस.

कोमल, ११:०६
माझं एफआर ६३ होतं, ग्रुप गेला. पण साठच्या वर आले की तो पेपर कायमचा सुटतो.

ऋजुता ताई, ११:१०
कायमचा नाही, पुढचे तीन अटेम्प्ट. आणि आत्ता साठ पडले म्हणून बाकीचे पेपर सोडून चालत नाही, त्या ग्रुपचे सगळे द्यावे लागतात.
माझं सांगते. दोन्ही ग्रुप एकत्र दिले होते. पहिल्यात १६०, दुसऱ्यात १४१. दुसरा एकटा असता तर गेला असता. पण एकूण ३०१ आणि एकही पेपर चाळीसच्या खाली नाही, म्हणून दोन्ही निघाले. पहाटे तीनपर्यंत मी अंदाजाच्या बेरजा करत बसले होते.

मृणाल, ११:३१
हा मेसेज डिलीट केला आहे

शर्वरी, ११:३२
मृणाल, लिही ना. तुझेही दोन्ही आहेत.

मृणाल, ११:४०
ऑडिटचा शेवटचा प्रश्न सुटला. अडतीसच्या पुढे जात नाही. ताई, एकूण तीनशे झाले तरी काही उपयोग नाही ना?

ऋजुता ताई, ११:४३
अडतीसच आले तर दोन्ही ग्रुपची मिळून बेरीज धरत नाहीत. पण दुसऱ्या ग्रुपचे स्वतःचे दीडशे झाले आणि तिथे सगळे चाळीसवर असले, तर तो निघतो. डीटी कसा गेला?

मृणाल, ११:४४
बरा. आयबीएस चांगला. घरी मी एकच ग्रुप दिलाय असं सांगितलंय.

कोमल, ११:४५
अगं, मग फोन कुणाला करणार उद्या?

शर्वरी, ११:४७
साइट अडकली तर माझ्या मोबाइलवर बघू. रजिस्ट्रेशन नंबर आणि रोल नंबर दोन्ही जवळ ठेव.

मृणाल, १२:०९
शर्वरी, नंबर तुला पर्सनलवर पाठवलेत. तूच बघ. आधी दुसरा ग्रुप सांग, मग ऑडिट.