गच्चीच्या पाण्याचा प्रस्ताव : एक स्मरण

(लातूर, सोसायटीचा ग्रुप. रविवार, १० मे)

मोरे, अ-१०१ (सकाळी ८.०५)
देशपांडे मॅडमनी गच्चीचे पाणी बोअरमध्ये सोडण्याचा प्रस्ताव टाकून आज आठवडा झाला. चोवीस घरांपैकी दोघांनी अंगठा दाखवला आणि बाकीचे गप्प आहेत. टँकर अर्धा तास उशिरा आला की याच ग्रुपवर पन्नास संदेश पडतात. कोणाला हो म्हणायचे नसेल तर स्पष्ट नाही म्हणावे, पण एका बाईमाणसाने एवढी मेहनत घेतल्यावर असे वागणे शोभत नाही.

देशपांडे, ब-२०२ (८.३२)
मोरे साहेब, आपण आठवण ठेवलीत याबद्दल आभार. परंतु कोणी मुद्दाम उत्तर टाळले असे मला वाटत नाही. हा आठवडा लग्नांच्या तिथींचा होता, आणि मी पाठवलेली पीडीएफ सहा पानांची होती, जी मोबाइलवर वाचणे सोपे नाही. शिवाय शेवटी मी "सर्वांनी आपली मते कळवावीत" एवढेच लिहिले होते. नेमके काय कळवायचे, हे त्यात नव्हते. म्हणून तेच म्हणणे थोडक्यात पुन्हा मांडते. मूळ पीडीएफ याच संदेशासोबत जोडली आहे, म्हणजे कोणाला वर जाऊन शोधावी लागणार नाही.

आपली गच्ची सुमारे ३६० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, त्यामुळे वर्षभरात ७०० मिलिमीटर पाऊस झाला आणि उडून-सांडून पाचवा हिस्सा गेला असे धरले, तरी दोन लाख लिटर पाणी हाती लागते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने हे वीस टँकर होतात. आज हे सगळे पाणी पाइपातून थेट गटारात जाते. खर्चाचा अंदाज ६० हजार रुपये, म्हणजे प्रत्येक घरामागे अडीच हजार रुपये आहे.

माझी विनंती एवढीच आहे की हा विषय विशेष सर्वसाधारण सभेत घ्यावा की नाही, याबद्दल "घ्यावा", "घेऊ नये" किंवा "शंका आहे" यांपैकी एक उत्तर शनिवारी, १६ तारखेपर्यंत कळवावे. तारीख सांगण्याचे कारण असे की सभेच्या सूचनेला पाच पूर्ण दिवस द्यावे लागतात, सभा रविवारी २४ तारखेला झाली तरच खोदकाम २५ ला सुरू होईल, आणि ७ जूनला मृग निघतो. ज्यांना तोवर जमणार नाही त्यांनी सोयीचा दिवस कळवला तरी चालेल. "घेऊ नये" हे उत्तरही मला तितकेच उपयोगी आहे.

जोशी काका, अ-३०१ (८.५०)
मॅडम, माझी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या आवक-जावक टेबलावर गेली, म्हणून सांगतो की हे स्मरणपत्र उत्तम झाले आहे. आमच्याकडे नवीन लिपिक स्मरणपत्रात "वारंवार कळवूनही अद्याप उत्तर अप्राप्त आहे" असे लिहून मोकळे होत, आणि समोरचा अधिकारी आधी मूळ पत्र शोधायला सांगे. ते सापडेपर्यंत आणखी पंधरा दिवस जात. मूळ पत्राची प्रत सोबत जोडली आणि काय हवे ते एका ओळीत लिहिले, तर बहुतेक उत्तरे पहिल्याच स्मरणपत्राला येत असत.

मोरे, अ-१०१ (८.५६)
काका, आपले म्हणणे मान्य आहे. पण मी म्हणतो की १६ तारखेपर्यंत जो उत्तर देणार नाही त्याची संमती आहे असे समजावे आणि वर्गणी सुरू करावी.

देशपांडे, ब-२०२ (९.०३)
मोरे साहेब, हे कृपया नको. गप्प राहिलेल्या घराकडून अडीच हजार मागायला गेल्यावर "मला कोणी विचारले?" हा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे नसेल. जे बोलले नाहीत त्यांना मी संमतीत धरणार नाही आणि विरोधातही धरणार नाही.

शेखभाई, तळमजला (९.१०)
बोअर खराब झाली तर जबाबदार कोण?

कदम ताई, ब-३०१ (९.१४)
सगळ्यांना सुप्रभात. गच्चीवर आमच्या कुरडया वाळत आहेत, त्या आता उचलायच्या का?

मोरे, अ-१०१ (९.१५)
ताई, वरच्या मजल्यावरच्यांनी गच्ची स्वतःच्या नावावर केल्यासारखी वापरली म्हणूनच तिथला कचरा पाइपात जातो.

कदम ताई, ब-३०१ (९.१८)
कचरा कबुतरांचा असतो, मोरे भाऊजी. गच्ची दर शनिवारी कोण झाडते, हे मी या ग्रुपवर लिहीत नाही.

देशपांडे, ब-२०२ (९.२५)
ताई, कुरडया मे महिनाभर निश्चिंत वाळवा. गच्ची फक्त जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा धुवायची आहे. कबुतरांची घाण आणि धूळ राहतेच, म्हणून पाइपाला खाली एक वॉल्व्ह असेल. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी त्यातून बाहेर जाऊ द्यायचे, आणि नंतरही मध्ये बरेच दिवस उघडीप पडली तर तसेच करायचे.

शेखभाई, तळमजला (९.२८)
माझा प्रश्न तोच आहे. बोअर खराब झाली तर जबाबदार कोण?

पाटील, खजिनदार, अ-२०२ (९.४१)
सर्वांना नमस्कार. भाचीच्या लग्नासाठी मी सहा दिवस उदगीरला होतो, त्यामुळे उत्तर राहिले, याबद्दल दिलगीर आहे. प्रस्ताव चांगला आहे. आपण २०१६ साली रेल्वेने आलेले पाणी प्यायलेली माणसे आहोत. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, तेव्हा प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी पाहायला गर्दी झाली होती. मॅडमचा हिशेब धरला तर तसल्या चार वाघिणींइतके पाणी दर वर्षी आपल्याच गच्चीवरून वाहून जाते. माझी अडचण फक्त एवढी आहे की सात घरांची टँकरची वर्गणी अजून बाकी आहे.

मोरे, अ-१०१ (९.४४)
खजिनदार साहेब, त्या सातांत माझे घर धरले असेल तर मार्चमध्ये रोख दिले आहेत, पावती आपणच दिली नाही.

पाटील, खजिनदार, अ-२०२ (९.४९)
पावती आज संध्याकाळी घरी आणून देतो. हा विषय इथे वाढवू नये ही विनंती.

शेखभाई, तळमजला (९.५२)
तिसऱ्यांदा विचारतो. बोअर खराब झाली तर जबाबदार कोण?

जोशी काका, अ-३०१ (९.५८)
शेखभाई तोच प्रश्न तीनदा विचारत आहेत, याचा अर्थ त्यांना काहीतरी माहीत आहे. त्यांनी ते सविस्तर लिहावे असे मला वाटते.

शेखभाई, तळमजला (१०.१५)
लिहितो. माझ्या सासुरवाडीच्या इमारतीत गच्चीचा पाइप सरळ बोअरच्या केसिंगमध्ये सोडला होता. पहिल्याच मोठ्या पावसात बोअरला गढूळ पाणी लागले, त्याला वास येऊ लागला आणि मोटरमध्ये गाळ गेला. बोअर दिवसरात्र उपसावी लागली, तरी महिनाभर ते पाणी कोणी तोंडात घेतले नाही. आपली बोअर माझ्या खिडकीखाली आहे आणि मे महिन्यात तिचे अर्धा तास येणारे पाणी हेच आमच्या आईचे वापरायचे पाणी आहे. मी प्रस्ताव पहिल्याच दिवशी पूर्ण वाचला होता. विरोध करतो असे दिसू नये म्हणून आठवडाभर गप्प राहिलो. दोन-तीन घरांशी बोललो, त्यांनाही हीच भीती आहे.

देशपांडे, ब-२०२ (१०.४०)
शेखभाई, हे लिहिलेत ते फार बरे झाले. माझ्या सहा पानांत याचे उत्तर चौथ्या पानावर दोन ओळींत होते. ते पहिल्या पानावर असायला हवे होते.

आपल्या प्रस्तावात केसिंगमध्ये पाइप सोडायचा नाही. केसिंगच्या भोवती सहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि आठ फूट खोल खड्डा घ्यायचा. तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर वाळूचा थर द्यायचा. पाणी वाळूवर पडते, गाळ वाळूत अडकतो आणि स्वच्छ पाणी खाली दगडांत उतरते. दगडांच्या उंचीवर केसिंगला बारीक छिद्रे पाडून त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळायची, म्हणजे तेथून पाणी बोअरमध्ये शिरते. स्वयंपाकघराची किंवा मोरीची कोणतीही लाइन या खड्ड्याजवळ येणार नाही. वाळू चोंदली हे ओळखण्याची खूण अशी की पाऊस थांबून एक दिवस झाला तरी खड्ड्यात पाणी साचलेले दिसते. तसे झाले की वरचा थर काढून धुवायचा, आणि एरवीही दर वर्षी मृगाआधी हे करायचेच.

मर्यादाही सांगते. आपल्याकडचा खडक काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांतून चालते. या भेगा कुठे जातात ते वरून दिसत नाही, त्यामुळे आपण मुरवलेल्या पाण्यातला काही भाग शेजारच्या बोअरला लागू शकतो. आपली बोअर पूर्ण मे महिना चालेल असे वचन मी देत नाही. जी बोअर आज फेब्रुवारीत दमते ती काही आठवडे जास्त टिकेल, एवढीच अपेक्षा आहे.

आपल्या प्रश्नामुळे मी प्रस्तावात एक बदल सुचवते. पहिल्या वर्षी केसिंगला छिद्रे पाडायचीच नाहीत. खड्डा फक्त जमिनीत पाणी मुरवेल. पावसाळ्यानंतर बोअरच्या पाण्याची तपासणी करू आणि दर महिन्याला दोरी सोडून पातळी मोजून वहीत लिहू. ते सगळे पाहून छिद्रांचा निर्णय पुढच्या वर्षीच्या सभेने घ्यावा. फायदा उशिरा आणि कमी दिसेल, पण बोअर धोक्यात येणार नाही.

शेखभाई, तळमजला (१०.५२)
असे असेल तर विषय सभेत घ्यावा. पातळी मोजून वहीत लिहिण्याचे काम मी करतो, बोअर माझ्याच खिडकीखाली आहे.

मोरे, अ-१०१ (१०.५५)
माझे "घ्यावा". सकाळी थोडे जास्त बोललो, शेखभाई, मनावर घेऊ नये.

कदम ताई, ब-३०१ (११.०२)
घ्यावा. गच्ची धुण्याच्या दिवशी मला आदल्या रात्री सांगावे.

सचिव, ब-१०३ (११.२०)
आतापर्यंत मॅडम धरून सहा घरांचे "घ्यावा" आले आहे. मॅडम, उरलेल्या अठरा घरांना ग्रुपवर पुन्हा आठवण करावी का?

देशपांडे, ब-२०२ (११.३१)
ग्रुपवर आता नको, सचिव साहेब. काका म्हणाले तसे आज बदललेला प्रस्ताव एका पानावर लिहिते आणि गुरुवारी प्रत्येक घरी स्वतः नेऊन देते. जे घर बंद असेल त्यांना वैयक्तिक संदेश पाठवते. कोणी उत्तर दिले नाही, ही यादी ग्रुपवर लागू नये असे मला मनापासून वाटते.

जोशी काका, अ-३०१ (११.३६)
आमच्याकडे याला अर्धशासकीय पत्र म्हणत. कार्यालयाच्या नावाने लिहिलेल्या पत्राला उत्तर आले नाही, की त्या अधिकाऱ्याच्या नावाने "प्रिय" लिहून पाठवायचे. अ-३०२ आणि अ-३०३ मध्ये मी आपल्यासोबत येतो, तिथली मंडळी माझ्या ओळखीची आहेत.

सचिव, ब-१०३ (११.४४)
ठीक आहे. १६ तारखेला रात्री उत्तरे मोजतो, आणि बहुमत "घ्यावा" असे असेल तर सोमवारी १८ ला सभेची सूचना फलकावर लावतो.