बाबांचे रिपोर्ट एका शीटमध्ये: रेंज एकच ठेवायची की लॅबप्रमाणे?

म्हापशेकर: बाबांचे दोन वर्षांचे रिपोर्ट एका शीटमध्ये भरतोय. आधी म्हापशाची लॅब, आता ते बहिणीकडे म्हणून मडगावची. सगळ्याला एकच रेंज लावली तर चालेल ना? युरिया मार्चात ३६ होता, जुलैत १७, घरी सगळे खूश.

लॅबवाली ताई: खूश नंतर व्हा, आधी मडगावच्या कागदावर टेस्टचं नाव वाचा. युरिया लिहिलंय की बीयूएन? युनिट दोघांचं एमजी पर डीएलच, म्हणून शीटला काही कळत नाही, पण बीयूएनमध्ये युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरतात, युरियाच्या ६० भागांत नायट्रोजन २८, म्हणजे बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. सतरा गुणिले २.१४ किती झाले बघा.

म्हापशेकर: अरे देवा, ३६.४. बारीक अक्षरात बीयूएनच आहे, रेंज ७ ते २०, म्हापशाची १५ ते ४०. म्हणजे काहीच उतरलं नाही.

लॅबवाली ताई: रेंज निम्मी झाली तिथेच संशय यायला हवा होता. मूळ आकडा पुसू नका, तो आणि छापलेलं नाव तसंच राहू दे, बाजूच्या रकान्यात `=C7*2.14` टाका. रेंजही त्याच्याच लॅबची, तीही २.१४ ने गुणून.

दर्यावर्दी: माझं क्रिएटिनिन जहाजावरच्या मेडिकलला ९७ आलं, फोनवर बायको रडायलाच लागली. ते मायक्रोमोल होतं, ८८.४ ने भागलं की १.१. बाबांचं पण तसंच असेल.

म्हापशेकर: नाही भाऊ, इथे युनिट सारखंच आहे, तोच तर घोळ.

फोंडेकर: एवढी कटकट कशाला, प्रत्येक आकडा त्याच लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा. ३६ भागिले ४० म्हणजे ०.९, १७ भागिले २० म्हणजे ०.८५, जवळजवळ सारखं, गुणाकार लक्षात ठेवायलाच नको.

लॅबवाली ताई: इथे जमलं, पण हिमोग्लोबिनला खालची मर्यादा महत्त्वाची, तिथे काय कराल? आणि एसजीपीटी ३८ आलं, एका लॅबची मर्यादा ४० आणि दुसरीची ५६, तर रक्त तेच आणि तुमचा आकडा एकदा ०.९५, एकदा ०.६८. मर्यादेतला फरक कधी मशीन-किटचा असतो, कधी लॅबने जुनीच रेंज छापत ठेवलेली असते.

फोंडेकर: मग तुमच्या पद्धतीत तरी ते कुठे कळतं? दोन रेंज समोर ठेवून माणूस गोंधळणारच.

लॅबवाली ताई: ते कबूल. म्हणून एसजीपीटीचा चढउतार मी एकाच लॅबच्या रिपोर्टांत बघते, लॅब बदलली की शीटमध्ये जाड रेघ मारते. पण उपाशीपोटी साखरेच्या १२६ सारखा आकडा निदानाचा आहे, तिथे लॅबची रेंज काहीही असो, तो एकच राहतो.

फोंडेकर: रेघ मारून ग्राफ तुटतो, डॉक्टर ग्राफच बघतात. मी भागाकारच ठेवणार.

म्हापशेकर: मी रेघ मारली. आता घरी सांगायचं बाकी आहे.