मदत हवी आहे : स्नेहसंमेलनाची रंगमंचावरील संहिता ध्वनिचित्रफितीसाठी कशी बदलावी?

धागाकर्ती (माध्यमिक शिक्षिका)
आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन डिसेंबरमध्ये झाले. नृत्ये आणि नाटिका कॅमेऱ्यात चांगल्या टिपल्या गेल्या आहेत, परंतु सूत्रसंचालनाचा आवाज सभागृहात इतका घुमला आहे की तो वापरता येणार नाही. त्यामुळे नववीच्या त्याच दोन मुलींकडून निवेदन नव्याने ध्वनिमुद्रित करून पालकांसाठी सुमारे तासाभराची एकसंध फीत करावी, असे ठरले आहे. मूळ संहिता त्यांच्याकडून तशीच वाचून घेतली, तर ती फार लांब आणि पोकळ वाटते. ओव्यांनंतर सातवीचे लेझीम होते, तेथील निवेदन असे आहे :

«वा! किती सुंदर ओव्या! एकदा जोरदार टाळ्या झाल्याच पाहिजेत! पडद्यामागे सातवीचे विद्यार्थी सज्ज होत आहेत, तोपर्यंत मी तुम्हाला एक कोडे घालते. तयार आहात ना?»

अशा जागी काय ठेवावे आणि काय गाळावे?

निवृत्त मुख्याध्यापक
सुरुवात दीपप्रज्वलनाने करावी आणि पाहुण्यांच्या स्वागताला एखादी चारोळी घ्यावी. माझ्या वहीत अशा पुष्कळ चारोळ्या आहेत, हव्या असल्यास टंकून देतो.

धागाकर्ती
सर, मनःपूर्वक आभार. मात्र कार्यक्रम होऊन गेला आहे, प्रश्न केवळ फितीतील निवेदनाचा आहे. पुढच्या वर्षी चारोळ्या नक्की मागेन.

हौशी संकलक
निवेदन पूर्णपणे काढून टाका. प्रत्येक कार्यक्रमाआधी इयत्ता आणि कार्यक्रमाचे नाव असलेली पाटी चार सेकंद दाखवा, काम संपले.

ध्वनिमुद्रणाचे काम करणारा
पाटीने नाव कळते, हे खरे आहे. बक्षीस समारंभासारख्या भागाला पाटी पुरतेही. परंतु ओव्यांनंतर लेझीम का आले, हे पाटी सांगत नाही.

रंगमंचावरचे निवेदन मुख्यतः वेळ भरून काढते : मुले कपडे बदलतात, माइक हलवले जातात, आणि तेवढा वेळ प्रेक्षकांना धरून ठेवावे लागते. फितीत ही वेळच उरत नाही, म्हणून कोडे, टाळ्यांची मागणी आणि «पडद्यामागे» हे सारे गळायला हवे. उरते ते एकच काम, मागचे पुढच्याला जोडणे. मी तेथे असे लिहीन :

«जात्याच्या घरघरीत ओवी उमटायची ती पहाटे, घरात. दिवस वर आला की गावाच्या जत्रेत घुमायची हलगी आणि लेझीम. सातवीच्या विद्यार्थ्यांचे हे लेझीम.»

शांतपणे वाचल्यास याला दहा-अकरा सेकंद लागतात. शेवटचा शब्द «लेझीम» असल्याने लगेच हलगीचा पहिला ठोका आला की सांधा जाणवत नाही. त्यापुढे «तर पाहूया» जोडले, तर तो ठोका उगाच लांबतो.

दुसरी अडचण आवाजाची येईल. सभागृहातील टाळ्यांवरून एकदम बंद खोलीतील शांततेत आलात, तर कानाला धक्का बसतो. ओव्यांनंतरच्या टाळ्या तीन-चार सेकंदांत हळूहळू उतरू द्या आणि त्या विरत असतानाच निवेदन सुरू करा. ध्वनिमुद्रण ग्रंथालयात करा, कारण पुस्तकांमुळे आवाज कमी घुमतो. पंखा मात्र बंद ठेवा. वाक्याच्या आधी आणि नंतर दोन सेकंद मुलींनी स्तब्ध राहावे, नाहीतर कापायला जागाच मिळत नाही.

एक पालक
आमच्या शाळेत निवेदने आधी मुद्रित झाली आणि मग चित्रपटगीतावरचे एक नृत्य वगळावे लागले. पुढच्या निवेदनात «आत्ताच्या या ठेक्यानंतर» असे राहिले, आणि आधी तर प्रार्थना होती. निवेदन करणारा मुलगा तोपर्यंत गावी गेला होता.

ध्वनिमुद्रणाचे काम करणारा
म्हणूनच आधी क्रम पक्का करावा. यूट्यूबवर ठेवणार असाल, तर निवेदनाविनाच कच्ची फीत `Unlisted` ठेवून चढवा आणि `Checks` मध्ये गाण्यांच्या हक्काचा दावा येतो का, ते पाहा. दावा आला म्हणजे फीत अडतेच असे नाही, पण एखादे गाणे अडले तर ते कळेल. एक कार्यक्रम गळला की त्याच्या आधीचे आणि नंतरचे, अशी दोन्ही निवेदने तपासावी लागतात.

धागाकर्ती
हे फार उपयोगी आहे. या आठवड्यात क्रम ठरवते आणि त्यानंतरच संहिता लिहायला घेते. एक शंका राहते : मुली पडद्यावर दिसाव्यात, की नुसता आवाज ठेवावा?

हौशी संकलक
नुसता आवाज. मागे पुढच्या नृत्याची तयारी दाखवता येते आणि कपड्यांचा मेळ सांभाळावा लागत नाही.

ध्वनिमुद्रणाचे काम करणारा
येथे मी सहमत नाही. त्या मुलींनी संपूर्ण संध्याकाळ कार्यक्रम सांभाळला आहे, त्यांचे चेहरे निदान पहिल्या आणि शेवटच्या निवेदनात दिसायला हवेत. त्यासाठी त्याच दिवशीचा पोशाख घालायला लावा. मधली निवेदने आवाजावर चालतील का, हे दोन-तीन जोडून पाहिल्यावरच ठरवा.