मामांचे १ लाख ८० हजार: महिन्याला ९ हजारांचा हप्ता झेपेल का?

सातपूरकर: वडिलांच्या ऑपरेशनला मामांनी १,८०,००० चेकने दिले. त्यांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. व्याज नको म्हणाले, "सवडीनं दे." मला मात्र हप्ता ठरवूनच फेडायचे आहेत. पगार हातात ३६,०००. घरभाडं ८,५००, किराणा-दूध-भाजी ८,०००, वीज-गॅस-मोबाइल-पेट्रोल मिळून ५,०००, बाबांची औषधं २,०००, गाडीचा हप्ता ३,२०० (अजून ८ महिने). उरतात ९,३००. म्हणजे ९,००० प्रमाणे २० महिन्यांत मोकळा. बायको म्हणते जमणार नाही, मी म्हणतो ओढून-ताणून जमेल.

गोदाकाठचा: जमवायचंच. नातेवाइकाचा पैसा डोक्यावर ठेवून झोप कशी लागते लोकांना? दोन वर्षं हॉटेल बंद, कपडे बंद. आणि रोख देत जा. वीस हजारांच्या आत रोखीला कुणी विचारत नाही.

हिशेबनीस: वहिनींचं बरोबर आहे. तुमच्या यादीत फक्त दर महिन्याला येणारे खर्च आहेत. वर्षातून एकदा येणारे कुठे गेले? मुलांची फी, विम्याचा हप्ता, गाडीचा विमा?

आणि गोदाकाठचा, रोखीचं तुम्ही अर्धवट सांगितलंत. उसने घेताना आणि फेडतानाही आयकराची वीस हजारांची मर्यादा आहे हे खरं. पण फेडताना नुसता त्या दिवशीचा हप्ता बघत नाहीत, त्या दिवशी एकूण किती देणं शिल्लक आहे तेही बघतात. देणं वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर पाच हजारांचा हप्ताही रोख द्यायचा नाही. दंड होऊ शकतो तो जेवढी रक्कम रोख दिली तेवढा. मामा-भाचा म्हणून सूट नाही, ती सूट भेटीच्या पैशाला असते. मामांनी चेकने दिले ते उत्तम झालं, आता परतही खात्यावरच जाऊ द्या.

सातपूरकर: फी २४,०००, जूनमध्ये एकदम भरतो. एलआयसी १२,०००. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, टायर धरून ६,००० धरा. दिवाळीचं बोनसमधून निघतं.

हिशेबनीस: झाले ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. ९,३०० मधून वजा करा, उरले ५,८००. ओढून-ताणून नव्हे, हात आखडता घेतलात तरी नऊ हजार निघत नाहीत. पहिले काही महिने निघतील, कारण फीचा महिना लांब असेल. जून आला की एक तर हप्ता चुकेल, नाही तर फीसाठी आणखी कुणाकडे तरी हात पसरावा लागेल.

माझा हिशेब असा. पहिले ८ महिने ५,०००, म्हणजे ४०,००० फिटले. मग गाडीचा हप्ता संपतो, तेव्हा ते ३,२०० घरखर्चात मुरायच्या आत हप्ता ८,००० करा. उरलेले १,४०,००० फेडायला ८,००० चे १७ हप्ते आणि शेवटचा ४,००० चा. एकूण २६ महिने. तुमच्या वीस महिन्यांपेक्षा सहाच महिने जास्त, आणि एकही जून आडवा येत नाही. बोनस यात धरू नका. मिळाला तर शेवटचे हप्ते आधी फेडा.

ते ३,५०० मात्र दर महिन्याला वेगळ्या खात्यात गेलेच पाहिजेत, नाही तर हा सगळा हिशेब कागदावरच राहील. फी चार-पाच महिन्यांवर आली असेल तर तेवढ्यात ती साठणार नाही. मग पहिला बोनस मामांना नाही, फीला.

द्राक्षवाली निफाड: तुम्ही सगळे पगारदारांच्या बाजूनं बोलताय. मामांचं कुणी बघितलं का? बागाईतदाराच्या खात्यावर दर महिन्याला पाच हजार आले की ते मजुरी-डिझेलमध्ये कुठे जातात कळतही नाही. पैसा लागतो तो गोडी छाटणीला. छाटणी झाली की लगेच पेस्ट लावायची, मजुरांची टोळी उभी असते, पाऊस लांबला की डावणी रोगाच्या फवारण्या दिवसाआड सुरू. तेव्हा आमच्याकडे दुकानदाराच्या उधारीवर औषध येतं आणि ती उधारी महागात पडते. आमच्या आईला कुणी त्या वेळी एकरकमी साठ हजार दिले असते तर तिनं ते बारा हप्त्यांपेक्षा जास्त मानले असते. बँकेत वर्षाची आरडी काढा, सप्टेंबरला मोडून एकदम द्या.

हिशेबनीस: मुद्दा पटला, उपाय अर्धाच पटला. आरडी तुमच्या नावावर, म्हणजे गरज पडली की तुम्हीच मोडणार. बाबांना पुन्हा दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मामांचे साठ हजार आधी जातील. पोस्टाची आरडी तर पाच वर्षांची असते, ती इथे कामाची नाही.

द्राक्षवाली निफाड: मग मामांच्याच नावावर आरडी काढायला सांगा, हप्ता त्यांच्या खात्यात जाऊ द्या. मोडायची की नाही ते ठरवतील.

हिशेबनीस: हे चालेल. पण मामांना विचारून. त्यांच्या खात्यावर पीककर्ज थकलेलं असलं आणि बँकेनं जमा रक्कम तिकडे वळवली तर सगळंच फसेल. कोणतं खातं द्यायचं ते तेच सांगतील.

अण्णा पंचवटी: मी सांगतो, बँकेचं पर्सनल लोन काढा, मामांचे एकदम देऊन टाका. नातं साफ.

सातपूरकर: अण्णा, मामा व्याज घेत नाहीत. बिनव्याजी फेडायला व्याजाचं कर्ज कशाला काढू?

अण्णा पंचवटी: व्याज परवडतं, टोमणे परवडत नाहीत. माझ्या घरचं सांगतोय.

सिडकोची मावशी: माझी गोष्ट उलटी आहे, मी देणारी होते. साडूंना दिले. त्यांनी तीन महिने नीट दिले, चौथा चुकला. पैशाचं एवढं वाटलं नाही, पण चुकल्यावर त्यांनी फोन उचलणं सोडलं. लग्नात भेटले तर दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले. म्हणून दादा, हप्ता चुकला तर काय करायचं ते आत्ताच मामांशी बोलून ठेवा.

हिशेबनीस: मावशींच्या बोलण्याला जोड देतो. पगार ७ तारखेला होत असेल तर हप्त्याची तारीख १० ठेवा, ७ ला रविवार आला तरी अडचण नाही. बँकेला कायमची सूचना देऊन टाका, हातानं पाठवायचं ठेवलं की विसरतं. एखादा महिना खरंच जमला नाही तर ५ तारखेच्या आत मामांना फोन, आणि तो हप्ता सगळ्यात शेवटी जोडायचा. पुढच्या महिन्यात दुप्पट देतो असं कबूल करू नका. उरतात ५,८०० आणि तुम्ही १०,००० कुठून आणणार?

एका वहीच्या पानावर रक्कम, तारीख, हप्ते लिहून दोघांनी सह्या करा. मामा नको म्हणतील. तरी करा. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर मामींना किती आले, किती राहिले हे कोण सांगणार?

गोदाकाठचा: सख्ख्या मामाशी सहीचा कागद? आमच्याकडे असं केलं तर मामा पुढच्या भाऊबिजेला आईकडे यायचे नाहीत.

द्राक्षवाली निफाड: मोबाइलवर मेसेज तरी पाठवा की, "मामा, आठवा हप्ता पाठवला, राहिले १ लाख ४०." त्यात कुणाचा मान जात नाही.

सातपूरकर: ५,००० आणि मग ८,००० हे पक्कं. हप्ता दर महिन्याला घ्यायचा की गोडी छाटणीला एकदम, हे रविवारी निफाडला जाऊन मामांनाच विचारतो. कागदाचं आईला विचारल्याशिवाय काढत नाही, ती त्यांची धाकटी बहीण आहे.