जन्मदाखल्यावरचे शिक्के आणि समासातली नोंद: भाषांतरात कुठे, कशी लिहायची?

मृणाल:
नमस्कार मंडळी,
१९८१ च्या जन्माचा नगरपालिकेचा मराठी दाखला आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला द्यायचं आहे. निबंधकांचा जांभळा गोल शिक्का नेमका नोंदणीच्या तारखेवर पडलाय, त्यामुळे महिना ०१ आहे की ०९ ते कळत नाही. शिवाय आईच्या छापील नावावरून सुरू होऊन समासात गेलेली निळ्या पेनाची नोंद आहे: ‘सुनंदा ऐवजी सुनंदिनी वाचावे’, पुढे सही आणि तारीख. भाषांतराच्या तक्त्यात कुठलं नाव लिहू?

श्रीकांत:
मृणाल, सुधारलेलं नावच तक्त्यात लिही, कारण आता तेच खरं आहे. शिक्क्याचं भाषांतर कशाला? शेवटी कंसात ‘शिक्का’ एवढं लिहिलं की झालं. फक्त शिक्क्याचं चित्र कापून भाषांतरात चिकटवू नकोस, त्याने भाषांतरच मूळ कागद असल्यासारखं दिसतं.

वसुधाताई:
चित्र चिकटवू नये हे श्रीकांतचं बरोबर, पण नावाचं तसं करू नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधक मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहितो आणि तिथे सही व तारीख घालतो. म्हणजे कागदावर दोन्ही नावं मुद्दाम ठेवलेली असतात. भाषांतरातही तक्त्यात ‘सुनंदा’ राहील आणि दुरुस्ती वेगळी सांगितली जाईल. तक्त्यातच ‘सुनंदिनी’ लिहिलं, तर मूळ दाखला शेजारी ठेवून तपासणाऱ्याला दोन्ही जुळत नाहीत असं दिसेल. यूएससीआयएसला भाषांतर पूर्ण हवं असतं आणि ते पूर्ण व अचूक असल्याचं भाषांतरकाराने लिहून द्यायचं असतं. त्यामुळे शिक्क्यातली अक्षरंही सुटता कामा नयेत.

आधी वाचायचं काम. दाखला ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. फोटो संपादनाच्या कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा हे रंगांचे थर वेगळे पाहता येतात. निळ्या थरात जांभळी शाई फिकी पडते आणि काळी छपाई तशीच राहते, म्हणून तारीख तिथे वाचा. हिरव्या थरात उलट शिक्का गडद होतो, त्याची अक्षरं तिथे लागतात. निळं पेनही निळ्या थरात फिकं होतं, त्यामुळे समासातली नोंद मात्र लाल थरात बघा. शिक्काही काळ्या शाईचा असता तर यातलं काहीच चाललं नसतं.

‘१’ च्या माथ्यावरून शिक्क्याची कड गेली की तो ‘९’ भासतो, म्हणून रंगीत प्रतीवरून निर्णय घेऊ नका. जन्मतारीख काय आहे?

मृणाल:
जन्म २८/०८/१९८१. निळ्या थरात ‘९’ ची गाठ स्पष्ट दिसतेय, नोंदणी ११/०९/१९८१.

वसुधाताई:
मग शंका उरत नाही. त्याच वर्षीचा जानेवारी जन्माच्या आधी येतो, म्हणजे दाखल्यातलीच दुसरी नोंद वाचनाला दुजोरा देते. तक्त्यात ती तारीख लिहा. खाली ‘शिक्के व हस्तलिखित नोंदी’ असा वेगळा भाग करून त्यात साधारण असं:

१. गोल शिक्का, जांभळी शाई, उजवीकडे खाली, नोंदणी दिनांकावर अंशतः आलेला. कडेचा मजकूर: (भाषांतर). मधला मजकूर: (भाषांतर).
२. हस्तलिखित नोंद, निळी शाई, ‘आईचे नाव’ या ओळीपासून उजव्या समासात: (पूर्ण भाषांतर). खाली सही, न वाचता येणारी, दिनांक: (…).

तक्त्यात त्या दोन ओळींपुढे ‘नोंद १ पाहा’, ‘नोंद २ पाहा’ एवढंच. वाचता न आलेल्या जागी ‘अवाच्य’ असं लिहा, जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे भाषांतर राहून गेलं असा अर्थ होतो.

हेमंतकाका:
एवढी खटपट कशाला? नवा दाखला काढा, त्यावर अपोस्टिल घ्या. आमचं तसंच झालं. अपोस्टिल इंग्रजीतच असतं, भाषांतर लागत नाही.

वसुधाताई:
हेमंतकाका, अपोस्टिल सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, आतला मराठी मजकूर मराठीच राहतो. आणि नव्या प्रतीवरही समासातली नोंद येऊ शकते. मागे अपोस्टिल असेल तर तेही त्याच भागात ‘मागील बाजू’ म्हणून नोंदवायचं.

श्रीकांत:
नावाचं पटलं. पण शिक्क्याच्या कडेची तीन अक्षरं उमटलीच नसतील आणि नगरपालिकेचं नाव वर छापलेलं असेल, तर ती भरायला काय हरकत?

वसुधाताई:
मी भरत नाही. उमटलेली अक्षरं लिहून पुढे ‘अवाच्य’ लिहिते. काही अनुभवी भाषांतरकार चौकोनी कंसात भरून ‘वरील छापील नावावरून’ अशी टीप देतात. अंदाज कुठून केला ते उघड असल्यामुळे ती पद्धत चूक म्हणवत नाही.

मृणाल:
मग इथे काय करू? ‘परिषद’ मधला ‘द’ अर्धाच उमटलाय.

श्रीकांत:
मी तर कंसात भरेन.