सल्ला हवा: पट्ट्यावर कॅमेऱ्याने लाल मिरचीतली फटकी वेगळी करताना चांगला मालही बाहेर पडतोय

पथारीवाला_नंदुरबार

नमस्कार मंडळी. नंदुरबारजवळ आमची मिरचीची पथारी आहे. वाळलेल्या मालातून फटकी वेगळी करायला छोटा कन्व्हेअर जोडला आहे. पट्टा ४०० मिमी रुंद आणि पांढरा आहे, वेग सेकंदाला साधारण ३० सेंमी. वर एक यूएसबी कॅमेरा आहे, त्याचं चित्र १२८० पिक्सेल रुंद येतं. पट्ट्याच्या टोकाला हवेचे नॉझल आहेत. प्रोग्राम पायथॉन आणि ओपनसीव्हीवर माझ्या पुतण्याने लिहिला आहे. ज्या मिरचीत पांढरट भाग दिसेल ती उडवायची, एवढंच काम.

सकाळी बरं चालतं. दुपारी शेडच्या दारातून ऊन आत आलं की चांगली लालबुंद मिरचीसुद्धा उडायला लागते. माल दाट आला की उलटं होतं, फटकी तशीच पुढे निघून जाते. थ्रेशोल्ड वरखाली करून पाहिले, पण एक सुधारलं की दुसरं बिघडतं. लाइट वाढवू, कॅमेरा बदलू की आणखी काही? फटकी राहिली तर व्यापारी पूर्ण ढिगाचा भाव पाडतो, आणि चांगली मिरची फटकीत गेली तर ते थेट नुकसान.

केळीबाग_रावेर

भाऊ, आमच्याकडे केळीचे घड पॅकहाऊसमध्ये येतात, तिथे पिकलेलं केळ हिरव्यातून वेगळं करायचं असतं. तुमचा प्रोग्राम त्याला चालेल का? आमच्या फण्यांना डाग असतात, तेही दिसायला हवेत.

पथारीवाला_नंदुरबार

दादा, केळीचं मला काही सांगता येणार नाही. माझं अजून मिरचीवरच अडलं आहे.

वायरमन_धुळे

शेडमध्ये ट्यूबलाइट असणारच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. कॅमेऱ्याचा एक्सपोजर १० मिलिसेकंद ठेवा, प्रत्येक फोटोत अख्खा एक हेलकावा मावतो आणि उजेड सारखा दिसतो. लाइटही दुप्पट करा. उजेड जास्त तेवढा रंग चांगला दिसतो.

सॉर्टेक्स_ऑपरेटर_जळगाव

मी डाळ मिलमध्ये कलर सॉर्टर चालवतो, तूर आणि उडीद. आमच्या यंत्रात दाणा पट्ट्यावर नसतो, उतरंडीवरून हवेत पडतो आणि कॅमेरा त्याला दोन्ही बाजूंनी बघतो. दाण्याच्या मागे एक पाटी असते. तिचा उजेड आम्ही चांगल्या दाण्याशी जुळवतो, म्हणजे चांगला दाणा पार्श्वभूमीत मिसळून जातो आणि खराब तेवढा उठून दिसतो. तुमच्या पांढऱ्या पट्ट्यावर याच्या उलट होतंय: जे पकडायचं तेच पट्ट्यात लपतं. पट्टा आधी बदला.

इन्स्ट्रुमेंटेशन_ताई

पथारीवाले भाऊ, तुमच्याकडे दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत, म्हणूनच एक सुधारलं की दुसरं बिघडतं.

आधी दाट मालाचं बघू. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बहुतेक ऑटोवर आहे. चौकटीत लालच लाल भरलं की कॅमेरा समजतो की उजेडच लालसर आहे, आणि सगळं चित्र निळसर बाजूला ओढतो. मग लाल आणि फटकी यांच्यातला फरकच आक्रसतो. ऑटो एक्सपोजरही असंच दर क्षणाला मत बदलतो. दोन्ही बंद केल्याशिवाय थ्रेशोल्डचा कोणताही आकडा टिकणार नाही. लिनक्सवर असाल तर:

```
v4l2-ctl -d /dev/video0 -c auto_exposure=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_time_absolute=10
v4l2-ctl -d /dev/video0 -c white_balance_automatic=0
v4l2-ctl -d /dev/video0 -c white_balance_temperature=5000
```

इथे 10 म्हणजे १ मिलिसेकंद. काही कॅमेऱ्यांत ही नावं थोडी वेगळी असतात, `v4l2-ctl -L` दिल्यावर तुमची दिसतील. कॅमेरा काढून परत लावला की आकडे पुन्हा द्यावे लागतात, म्हणून ते प्रोग्राम सुरू होतानाच जाऊ द्या.

वायरमनदादांचं १० मिलिसेकंदांचं गणित बरोबर आहे, हेलकावा त्याने जातोच. पण तेवढ्या वेळात हा पट्टा ३ मिमी सरकतो. मिरचीचा देठच २-३ मिमीचा, म्हणजे कडा पुसट होऊन लाल आणि पांढरा एकमेकांत मिसळणार. १ मिलिसेकंदात पट्टा ०.३ मिमी सरकतो, तुमच्या चित्रात जेमतेम एक पिक्सेल. त्यामुळे ट्यूबचा उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. कॅमेऱ्याभोवती प्लायची पेटी करा, आतून पांढरा मॅट रंग द्या, माल आत येतो आणि बाहेर जातो तिथे काळ्या रबराच्या झालरी लावा. दुपारचं ऊनही तिथेच अडेल. आत डीसी सप्लायवरच्या एलईडी पट्ट्या लावा. त्यावर डिमर नको, स्वस्त डिमर एलईडी भराभर चालूबंद करतो आणि लुकलुक परत येते.

आता चांगली मिरची का उडते. वाळलेल्या मिरचीची साल तुकतुकीत असते. सरळ उजेड पडला की तिच्यावर पांढरी चमक उमटते, आणि कॅमेऱ्याला ती चमक म्हणजेच फटकी. लाइट दुप्पट केले तर चमकही दुप्पट होईल. एलईडीचं तोंड मालाकडे नको, पेटीच्या छताकडे करा. छतावरून परतलेला उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि चमक पसरून फिकी होते. पूर्ण जात नाही, पण उरलेली प्रोग्राममध्ये वेगळी काढता येते. त्यासाठी एक्सपोजर लाल मिरचीवर लावू नका, अगदी पांढऱ्या फटकीवर लावा: ती २०० च्या आसपास दिसली पाहिजे. मग २४५ च्या वर जे काही जाईल ती चमकच, कारण एवढी पांढरी मिरची नसतेच.

हे झाल्यावर चांगली साल, फटकीचा भाग, देठ आणि पट्टा यांचे आकडे मोजून इथे टाका. एचएसव्ही या रंगपद्धतीत नको, लॅब या रंगपद्धतीत. एचएसव्हीत लाल रंग ० आणि १७९ अशा दोन्ही टोकांना विभागला जातो, लॅबच्या `a` मध्ये तो एकाच बाजूला राहतो.

पथारीवाला_नंदुरबार

ताई, पेटी केली, निळा मॅट पट्टा बसवला, ऑटो सगळं बंद केलं. पुतण्याने मोजलेले आकडे देतो. चांगली साल: `a` १६० ते १७२, `b` १४६ ते १५५. फटकीचा भाग: `a` १३१ ते १३९, `b` १४८ ते १६०. देठ: `a` १२८ ते १३४, `b` १४५ ते १५२. पट्टा: `b` ११० च्या खाली.

आता ऊन असो नसो, चित्र सारखं येतं. पण देठ आणि फटकीचे आकडे जवळजवळ एकच. देठ असलेली प्रत्येक मिरची उडते. देठ खुडून घेतल्यावरच माल टाकायचा का? तेवढी माणसं असती तर हे यंत्रच नको होतं.

सॉर्टेक्स_ऑपरेटर_जळगाव

भाऊ, तुन्ही गोट खरी शे. देठाचा त्रास रंगाने सुटणार नाही, तो आकारानेच सोडवावा लागेल.

इन्स्ट्रुमेंटेशन_ताई

आकडे छान वेगळे झालेत. लाल आणि फटकी यांच्यात `a` मध्ये १३९ ते १६० अशी मोठी मोकळी जागा आहे. मी रेघ १४८ वर ओढेन. निळ्या पट्ट्याचा फायदाही बघा: साल, फटकी, देठ तिन्ही `b` मध्ये १४५ किंवा वर, पट्टा ११० च्या खाली. माल कुठे आहे हे एका रेघेत कळतं.

देठासाठी जाडी वापरा. तुमच्या चित्रात १ मिमी म्हणजे ३.२ पिक्सेल. देठ ७ ते १० पिक्सेल जाड, मिरचीचं अंग १० मिमी धरलं तर ३२. मध्ये १३ पिक्सेलचा गोल घेऊन ओपनिंग केलं की देठ पुसला जातो आणि अंग राहतं.

```python
lab = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2LAB)
a, b = lab[:, :, 1], lab[:, :, 2]
chamak = img.min(axis=2) > 245
ang = ((b > 135) | chamak).astype('uint8')
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_ELLIPSE, (13, 13))
ang = cv2.morphologyEx(ang, cv2.MORPH_OPEN, k)
phatki = (ang == 1) & ~chamak & (a < 148)
```

`chamak` आधी अंगात धरली आहे, नाहीतर चमकेच्या जागी भोक पडतं आणि ओपनिंग ते भोक मोठं करतं. फटकी मोजताना मात्र ती वगळली आहे. यानंतर `cv2.connectedComponents` ने एकेक मिरची वेगळी करा आणि तिच्या अंगातला किती हिस्सा फटकी आहे ते काढा. एखाद्या पिक्सेलवरून मिरची उडवू नका. सुरुवात १५ टक्क्यांपासून करा. चांगला माल फटकीत दिसला तर आकडा वाढवा, फटकी पुढे जाताना दिसली तर कमी करा. हा आकडा व्यापाऱ्याच्या मागणीवर ठरतो, माझ्या सांगण्यावर नाही.

एकावर एक पडलेल्या मिरच्या हा प्रोग्राम एकच समजतो आणि लालमध्ये फटकी झाकली जाते. माल एका थरात येईल एवढाच सोडा.

वायरमन_धुळे

ताई, एक्सपोजरचं पटलं. एक भर घालतो. बंद पेटीत एलईडी तापला की त्याचा उजेड उतरतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात शेड भट्टीसारखी होते. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या चॅनलवर चिकटवा, आणि लाइट लावल्यावर अर्धा तास थांबून मगच माल सोडा.

इन्स्ट्रुमेंटेशन_ताई

अगदी बरोबर दादा. त्यासाठी पट्ट्याच्या कडेला, कॅमेऱ्याला सतत दिसेल असा करड्या मॅट प्लास्टिकचा तुकडा लावा. त्याची सरासरी सकाळी १२० असेल आणि दुपारी ११० वर आली, तर एकतर एलईडी उतरला किंवा काचेवर मिरचीची भुकटी बसली. प्रोग्रामला सांगा, ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला की पट्टा थांबव. मिरचीच्या कामात काच लवकर माखते, आणि माखलेल्या काचेतून सगळंच थोडं फटकी दिसतं.

पथारीवाला_नंदुरबार

देठाचं जमलं. १५ टक्क्यांवर बारीक मिरच्यांत थोडा चांगला माल जात होता, २० वर ठेवलं आहे. उडालेला ढीग बायका पुन्हा निवडतात, त्यात आता लाल कमीच सापडते.

राहिला एकच प्रश्न. मिरची पालथी पडली आणि फटकी खालच्या अंगाला असली की कॅमेऱ्याला दिसतच नाही. काय करावं?

सॉर्टेक्स_ऑपरेटर_जळगाव

आमच्यासारखं करा. पट्टा संपतो तिथे माल हवेत असतो. तिथे खालून दुसरा कॅमेरा लावा, समोर निळी पाटी.

इन्स्ट्रुमेंटेशन_ताई

उपाय तोच, पण मला शंका आहे. डाळीचा दाणा सरळ पडतो, मिरची हलकी आणि वाकडी, हवेत फिरते. खालच्या कॅमेऱ्याने बघितल्यावर नॉझलपर्यंत वेळही फार थोडा उरतो. आधी उतरता दुसरा पट्टा जोडून माल त्यावर पलटू द्या आणि तिथे दुसरा कॅमेरा लावून बघा. सगळ्या मिरच्या पलटणार नाहीत. किती पलटतात ते एका बाजूला रंग लावलेल्या मिरच्या सोडून मोजा, मग दुसऱ्या कॅमेऱ्याचा खर्च करायचा की नाही ते ठरवा.

केळीबाग_रावेर

मोजलं की इथे नक्की टाका भाऊ. आणि केळीसाठी पट्टा निळाच ठेवायचा ना?

इन्स्ट्रुमेंटेशन_ताई

हो, निळाच. पण केळीचा वेगळा धागा काढा, फण्यांचे दोन-चार फोटो टाका. तिथे डागाचा प्रश्न रंगापेक्षा मोठा आहे.